गुरुवारी अकराला नाही, तर कधी?

बुधवार, १० डिसेंबर २०२५. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. सदाशिव पेठेतलं एका चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस. ऑफिसचे मालक माझे शाळेपासूनचे मित्र. त्यांची भाची हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जर्मन क्लायंट सांभाळते आणि आज मामाला घेऊन घरी जेवायला जायचं म्हणून खाली गाडी लावून वर आली आहे. मामांच्या भाषेत ती अजून ‘कालची पोर’, आणि तिच्या मते मामाचं ऑफिस अजून १९९५ साली आहे.

प्रसंग असा. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ११ वाजता भोसरीच्या एका वर्कशॉपचे मालक आगाऊ कराच्या हिशेबासाठी यायचे होते. भोसरीतल्या बऱ्याच वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून मुद्दाम गुरुवार धरलेला. आणि सात वाजता निरोप आला, की येरवड्याच्या जीएसटी भवनात शुक्रवारी असलेली दुसऱ्या एका क्लायंटची सुनावणी गुरुवारी साडेअकरालाच आहे. ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने तत्परतेने डायरी उघडली, रिकाम्या जागा पाहिल्या आणि मेसेज टाइप करून मामांसमोर धरला:

“काही अपरिहार्य कारणामुळे उद्याची मीटिंग रद्द करण्यात येत आहे. सोमवार दुपारी ४ किंवा मंगळवार सकाळी ११ ह्यापैकी सोयीची वेळ कळवावी. तसदीबद्दल क्षमस्व.”

बिचाऱ्याचं शुद्धलेखन चोख होतं.

मामा: हे पाठवू नकोस. मेसेज काय पाठवतोस? फोन लाव. सोळा तासांवर आलेली भेट मोडायची तर माणसाच्या कानाशी बोलावं लागतं.

भाची: फोनचं नंतर बघू. आधी तो मंगळवार बघ. मंगळवारी तारीख काय?

मामा: सोळा.

भाची: आणि आगाऊ कराचा तिसरा हप्ता?

मामांनी कपाळाला हात लावला. १५ डिसेंबर. म्हणजे मुलाने दिलेल्या दोन पर्यायांपैकी एक मुदत उलटल्यानंतरचा आणि दुसरा मुदतीच्या दिवशी दुपारी चारचा. मुलाने चूक अशी काही केली नव्हती. दोन रिकाम्या जागा शोधायला सांगितलं असतं तर कोणीही अशाच शोधल्या असत्या. पण रिकामी जागा आपल्या डायरीतली होती आणि भेटीची गरज समोरच्याच्या तारखेवर टांगलेली होती.

भाची: आमच्याकडे नवीन आलेल्यांना मी हेच विचारते. ही भेट झाली नाही तर समोरच्याचं पुढचं कुठलं काम अडतं, आणि ते कधी आहे? ते कळल्याशिवाय कॅलेंडर उघडायचंच नाही. तुझ्या ह्या माणसाचं काय अडतं?

मामा: सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला त्याचा वर्षाचा कर धरला होता १२ लाख. सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के भरायचे, ते ५ लाख ४० हजार भरले. डिसेंबरपर्यंत ७५ टक्के, म्हणजे ९ लाख. त्या हिशेबाने आता ३ लाख ६० हजार भरायचे. पण नोव्हेंबरमध्ये त्याने एक मोठी ऑर्डर पुरी केली. माझ्या अंदाजाने वर्षाचा कर आता १६ लाखांवर जातो. त्याचे ७५ टक्के १२ लाख. म्हणजे सोमवारपर्यंत ३ लाख ६० नाही, ६ लाख ६० हजार भरायला हवेत.

भाची: आणि नाही भरले तर?

मामा: जेवढी तूट, तिच्यावर महिना एक टक्का, तीन महिन्यांचं व्याज. काहीच भरलं नाही तर १९ हजार ८००. जुन्या आकड्याने ३ लाख ६० भरले तर तीन लाखांच्या तुटीवर ९ हजार. आणि सोळा तारखेला भरले म्हणून एका दिवसाचं व्याज लागत नाही, तीन महिन्यांचंच लागतं. जून आणि सप्टेंबरच्या हप्त्यांत जी तूट निघेल तिचं वेगळं, ते आता टळत नाही.

भाची: म्हणजे त्या मंगळवारची किंमत १९ हजार ८०० रुपये.

मामा: कळलं, कळलं.

भाची: अजून नाही कळलं. सोमवारी चारला तरी काय होणार? ६ लाख ६० हजार त्याच्या चालू खात्यात पडलेले असतील का?

मामा: छे. त्याचे पैसे सहकारी बँकेत एफडीत असतात. मोडायची तर सही करायला जावं लागतं. ऑनलाइन भरायला त्याच्या खात्याची रोजची मर्यादाही कमी आहे, ती वाढवून घ्यावी लागेल.

भाची: शनिवारी बँक?

मामा: दुसरा शनिवार. बंद.

इथे गणित आपोआप सुटलं. तेरा तारखेला दुसरा शनिवार, चौदाला रविवार. म्हणजे त्या माणसाच्या हातात बँकेचे दोनच दिवस: शुक्रवार आणि सोमवार. भेट गुरुवारी झाली तर दोन्ही मिळतात. शुक्रवारी सकाळी झाली तरी दोन्ही, पण धावपळीत. शनिवारी झाली तर फक्त सोमवार, आणि सोमवारी काही अडलं तर पुढे काही नाही. मामांच्या डायरीत गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार सकाळ ह्या दोन जागा भरलेल्या होत्या, म्हणून मुलाने त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. भरलेल्या कशाने, तर गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातली अंतर्गत बैठक आणि शुक्रवारी सकाळी बँकेच्या शाखेत एक सही.

भाची: हे दोन्ही हलवता येईल?

मामा: येईल. पण मुळात तू दोन वेळा का द्यायला निघालीस? माझी पद्धत वेगळी आहे. मी फोन करतो, माफी मागतो आणि विचारतो, “तुम्हाला कधी जमेल, सांगा.” भेट मी मोडली, तर वेळ त्याने ठरवावी. दोन वेळा समोर ठेवायच्या आणि त्यातली निवड म्हणायचं, हे दवाखान्याच्या काउंटरवर शोभतं.

भाची: तुझा तो मोकळा प्रश्न ऐकायला छान आहे, पण त्याने काम त्याच्या अंगावर पडतं. तो म्हणेल, “कधीही चालेल, तुम्ही सांगा.” तू म्हणशील, “नाही नाही, तुमच्या सोयीने.” तो म्हणेल, “शनिवारी बघू.” शनिवार चालत नाही हे तुला माहीत आहे, त्याला नाही. मग तू त्याला त्याच्या सोयीचा शनिवार नाकारणार. आदर राखायला निघालास आणि दुसऱ्यांदा नाही म्हणून बसलास.

मामा: मग एकच वेळ दे. गुरुवारी संध्याकाळी ये म्हणू.

भाची: एकच दिली तर तो हुकूम झाला. त्याला नाही जमलं तर परत पहिल्यापासून. दोन दिल्या की त्याला एक नाकारता येते आणि तरी गाडी पुढे जाते.

मामा: मग तीन दे, चार दे.

भाची: दिलेली प्रत्येक वेळ उत्तर येईपर्यंत रिकामी ठेवावी लागते. आगाऊ कराच्या आठवड्यात तू चार जागा रिकाम्या ठेवशील? नाही ठेवणार. मग तो तिसरी निवडेल आणि तू म्हणशील, अरे, ती आत्ताच गेली. तेव्हा जेवढ्या धरून ठेवता येतील तेवढ्याच द्यायच्या. आणि त्या दोन एकसारख्या नकोत. गुरुवारी पाच आणि गुरुवारी साडेपाच ह्या दोन वेळा नाहीतच, ती एकच आहे. ज्या कारणाने एक जमणार नाही, त्याच कारणाने दुसरी अडू नये, अशा हव्यात.

हे मला पटलं, आणि मामांना पटल्याचं त्यांच्या भुवयांवरून कळलं, पण ते तसं कधी म्हणत नाहीत.

पहिली वेळ गुरुवारचीच, हे लवकर ठरलं. त्याची सुट्टी तीच आहे, आणि ह्या भेटीसाठी त्याने तो दिवस आधीच बाजूला काढला आहे. मोडलेल्या भेटीच्या दिवशीच पुढची वेळ देता आली तर समोरच्याचा दिवस वाया जात नाही, फक्त सरकतो. प्रश्न तासाचा होता.

मामा: तीन वाजता देऊ. साडेअकराची सुनावणी, एकपर्यंत मोकळा होईन.

भाची: नक्की?

मामा: नक्की म्हणजे... अधिकाऱ्याच्या दारात बसावं लागतं. कधी साडेअकराचे दोन होतात. मग सुनावणी. मग म्हणतात, अमुक कागद आज संध्याकाळपर्यंत द्या.

भाची: मग तीन नको. एकदा मोडलेली भेट दुसऱ्यांदा मोडली की पहिल्याचं खरं कारणही खोटं वाटायला लागतं. सगळ्यात वाईट धर. सुनावणी चारला संपली, येरवड्याहून इथे यायला तास. साडेपाच.

दुसऱ्या वेळेवरून मात्र खटका उडाला. शुक्रवारी वर्कशॉप चालू. मालक सकाळी सव्वाआठपासून मशीनवर उभे असतात, आणि त्या दिवशी पुण्यात यायचं म्हणजे त्यांचा अर्धा दिवस गेला. भाचीचं म्हणणं, शुक्रवारी सकाळी आठ वाजता मामाने भोसरीला जावं.

मामा: मी? भोसरीला? सकाळी आठला?

भाची: भेट मोडली कोणी?

मामा: अगं, सीएकडे क्लायंट येतो. पस्तीस वर्षं येतोय. उद्या सगळेच म्हणतील, आमच्याकडे या.

भाची: सगळे म्हणणार नाहीत, कारण सगळ्यांची भेट तू आदल्या रात्री मोडत नाहीस. ऐन वेळी मोडण्याची काहीतरी किंमत असते, आणि ती मोडणाऱ्याने उचलायची. “क्षमस्व” लिहून ती फिटत नाही. तू भोसरीला यायला तयार आहेस हे वाचल्यावर त्याला माफीचा शब्दही लागणार नाही.

मामा: उलट तो अवघडेल. सीएसाहेब येणार म्हणून वर्कशॉप झाडून घेईल, बाहेरून नाष्टा मागवेल. तुझ्या जर्मन साहेबांना नाही अवघडायला होत. आमच्याकडे होतं. त्या अवघडलेपणातून तो साडेपाचलाच हो म्हणेल, जमत नसलं तरी. मग येणारच नाही. आमच्याकडे ‘हो’ म्हणण्यात खर्च नसतो बाई, न येण्यातही नसतो. हे तुझ्या दोन पर्यायांत कुठे बसतं?

ह्या मुद्द्यावर भाची जरा थांबली. मामांनी इथे नेमकं बोट ठेवलं होतं. दोन वेळा लेखी देण्याची पद्धत असं गृहीत धरते, की समोरचा जे निवडेल ते खरंच त्याला हवं आहे. पण ज्या नात्यात मोठ्याला नाही म्हणायची सवय नाही, तिथे निवड हा शिष्टाचाराचा भाग होतो आणि खरं उत्तर आवाजात असतं. “हो... जमवतो” मधल्या त्या टिंबांत असतं.

भाची: ठीक. म्हणून आधी फोन कर. हे तुझं मान्य. पण फोनवरच सोडू नकोस. फोन झाला की लगेच तेच लिहून पाठव. कारण उद्या तो एकटा येणार नव्हता ना?

मामा: त्याचा अकाउंटंट यायचा होता. आणि मुलगा.

भाची: त्या दोघांना कोण सांगणार? तो फोन ठेवेल आणि जेवायला बसेल. उद्या अकराला अकाउंटंट नोव्हेंबरपर्यंतची विक्रीची खाती घेऊन तुझ्या दारात उभा. लिहिलेला मेसेज त्याला नुसता पुढे पाठवता येतो.

पुढचा वाद कारणावरून. मामांचा पहिला झोका तब्येतीकडे. थोडी कणकण आहे म्हणून सांगावं, कोणी विचारत नाही, उलट काळजी करतात. भाचीने फक्त विचारलं, की उद्या येरवड्याला जीएसटी भवनाच्या जिन्यात भोसरीचाच कोणी भेटला तर? भोसरीतले उद्योजक एकमेकांना ओळखतात आणि त्यांतल्या अनेकांची कामं तिथेच असतात.

मामा: मग खरं सांगू? की दुसऱ्या क्लायंटची सुनावणी आहे? त्याला वाटेल, माझ्यापेक्षा तो मोठा.

भाची: सुनावणी पुढे का ढकलत नाहीस, हे आधी मला सांग. तोही हाच प्रश्न मनात विचारणार.

मामा: ढकलता येत नाही. कायद्याने जास्तीत जास्त तीन तहकुबी मिळतात. तिन्ही घेऊन झाल्या. उद्या कोणी उभं राहिलं नाही तर अधिकारी समोर आहे त्यावर ऑर्डर काढेल. भागीदाराला पाठवावं तर त्याला फाइल माहीत नाही.

भाची: झालं तर. कोणाची, कशाची, हे सांगायचं नाही. ते त्या दुसऱ्याचं गुपित आहे. एवढंच सांग की एक सुनावणी ऐन वेळी उद्यावर आणली, ती पुढे ढकलता येत नाही आणि मला स्वतः उभं राहावं लागतं. ह्यात त्याला कमी लेखलं जात नाही. उलट त्याची वेळ आली तर तू त्याच्यासाठीही असाच उभा राहशील, हे कळतं. पण एकच वाक्य. कारण जितकं लांबवशील तितकं ते रचलेलं वाटतं.

‘अपरिहार्य कारणामुळे’ हे शब्द मात्र दोघांनी एकमताने काढले. नाट्यगृहाबाहेरच्या फळ्यावर ते शोभतात. तिथे तिकिटाचे पैसे परत मिळतात आणि कारण कोणी विचारत नाही. इथे समोरचा माणूस वर्षानुवर्षांचा, त्याला ते कोरडे शब्द वाचून पहिल्यांदा भीतीच वाटेल, की ह्यांच्या घरी काही झालं की काय.

मग भाचीने एक प्रश्न टाकला, त्याने मामा खरे चिडले. तिने विचारलं, भेट हवीच कशाला? सहा लाख साठ हजार हा आकडा फोनवर सांग आणि मोकळा हो.

मामा: हेच तुमच्या पिढीचं! आकडा सांगितला की काम झालं? अगं, त्या नोव्हेंबरच्या ऑर्डरचे पैसे त्याला अजून आलेले नाहीत. तो म्हणणार, “पैसे जानेवारीत येणार, मग कर आत्ता कसला?” त्याला समजवावं लागतं, की तुमची खाती मर्कंटाइल पद्धतीची, बिल फाडलं त्या दिवशी विक्री धरली. हे फोनवर सांगितलं तर तो हो म्हणेल आणि भरेल तीन लाख साठच. समोर बसून त्याच्याच बिलावर बोट ठेवलं, की पटतं. ह्यासाठी भेट आहे. आकडे काढायला नाही.

भाची: मग आकडे आधी काढून घे. अकाउंटंटला सांग, नोव्हेंबरअखेरची टॅलीची फाइल आज रात्री किंवा उद्या सकाळी मेलवर टाक. तुझा हा मुलगा उद्या सकाळी हिशेब मांडून ठेवेल. दोन तासांची भेट पाऊण तासावर येते. साडेपाचला बसलात तर सव्वासहाला तो घरी निघतो. मोडलेल्या भेटीतून त्याला काहीतरी परत मिळालं.

मला विचाराल तर सबंध संभाषणातला सर्वांत उपयोगी भाग हा. भेट रद्द करताना आपण सगळं ओझं उचलून दुसऱ्या वेळेवर ठेवतो. त्यातलं अर्धं भेटीशिवायच होण्यासारखं असतं, आणि ते कुठलं हे त्याच वेळी सांगितलं तर नवी वेळ लहान होते. लहान वेळ द्यायला सोपी आणि घ्यायलाही सोपी.

फोन करायचा कधी, ह्यावरही थोडं झालं. मामा म्हणाले, आता आठ वाजत आले, माणूस दमून घरी आला असेल, सकाळी नऊला करू. भाची म्हणाली, कळलं त्या क्षणी सांगायचं. सकाळी नऊला त्याने अकाउंटंटला बोलावलेलं असेल, मुलाने आपलं काम बाजूला ठेवलेलं असेल. आणि फोन लागला नाही तर दहाला तो घरातून निघेल आणि आपला निरोप त्याला नाशिक फाट्याच्या सिग्नलला मिळेल. रात्री दहाच्या आत केलेला फोन त्रास देतो, पण तो पाच मिनिटांचा. मामांनी फोन उचलला.

बोलणं तीन मिनिटं चाललं. मामांनी कारण सांगितलं, दोन्ही वेळा सांगितल्या, भोसरीचं ऐकून पलीकडे खळखळून हसल्याचं आम्हालाही ऐकू आलं. “मुलाला विचारून सांगतो,” असं उत्तर मिळालं. भाचीने लगेच मेसेज लिहायला घेतला. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले.

मामा: “उद्याची भेट” असं लिही.

भाची: ‘उद्या’ नको. तो मेसेज त्याच्या अकाउंटंटने सकाळी उघडला तर त्याचा उद्या शुक्रवार होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं. एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. आमच्याकडे ह्याहून वाईट. जर्मनीतलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. अमेरिकेचं त्यानंतर आठवड्याने. त्या आठवड्यात भेट हलवायची असली की मी क्लायंटच्या गावाची वेळ आधी लिहिते, आपली नंतर. आणि दोन वेळांची दोन आमंत्रणं कधीच पाठवत नाही. दोन्ही त्यांच्या कॅलेंडरवर बसतात, एक पुसायचं राहतं आणि कोणीतरी तिथे एकटंच हजर राहतं. जुनं आमंत्रण रद्द, दोन्ही जागा फक्त माझ्या कॅलेंडरवर धरलेल्या, आणि उत्तर आलं की एकच नवं.

मामा: माझ्याकडे पेन्सिल आहे.

भाची: तेच ते.

मेसेज असा झाला:

“नमस्कार साहेब. आत्ता बोलल्याप्रमाणे, गुरुवार ११ डिसेंबर सकाळी ११ ची आपली भेट होऊ शकत नाही. एक सुनावणी ऐन वेळी त्या वेळेवर आली आहे आणि ती पुढे ढकलता येत नाही. तुम्ही सुट्टीचा दिवस ठेवला होतात, माफ करा.
दोन वेळा धरून ठेवल्या आहेत:
गुरुवार ११ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०, आमच्या ऑफिसात. किंवा
शुक्रवार १२ डिसेंबर, सकाळी ८.००, मी तुमच्या वर्कशॉपवर येतो.
कर सोमवार १५ तारखेपर्यंत भरायचा आहे आणि शनिवारी बँक बंद आहे, म्हणून ह्यापुढची वेळ दिली नाही. गुरुवारी भेटलो तर बँकेच्या कामाला शुक्रवार पूर्ण मिळेल.
नोव्हेंबरअखेरची टॅलीची फाइल सकाळी १० पर्यंत मेल करायला सांगाल का? म्हणजे पाऊण तासात काम होईल.”

मामांना एक ओळ कमी वाटली. ते म्हणाले, “काही न कळल्यास गुरुवार साडेपाच धरतो” असं लिही. भाचीने मान हलवली. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. उत्तर आलं नाही तर मामा साडेपाचला बसून राहतील आणि तो शुक्रवारी आठला वाट बघेल. त्यापेक्षा सकाळी नऊपर्यंत दोन्ही जागा तशाच ठेवायच्या आणि नऊला, येरवड्याला निघण्याआधी, पुन्हा फोन करायचा. “अमुक वाजेपर्यंत कळवा, नाहीतर वेळ जाईल” ही ओळ तिने स्वतःहूनच गाळली. भेट मोडणाऱ्याने वर मुदत घालणं तिलाही जड गेलं. जर्मन क्लायंटला ती तशी ओळ लिहिते, असं ती म्हणाली, आणि ते लोक तिचा राग मानत नाहीत. मामांनी ह्यावर काही बोलायचं टाळलं.

मेसेज गेला. दोन निळ्या खुणा आल्या. पाच मिनिटं काही नाही. मामा म्हणाले, “बघ, आता तो अवघडला.” मग उत्तर आलं. साडेपाच नाही, शुक्रवार आठही नाही. “साहेब उद्या ७ ला येऊ का? मुलगा चाकणहून ६ ला सुटतो. तो पाहिजे. फाइल आत्ता पाठवतो.”

मामा: काय म्हणत होतो? तुझ्या दोन्ही वेळा बाजूला, आणि त्याने स्वतःची सांगितली. विचारायलाच हवं होतं.

भाची: विचारलं असतंस तर तो शनिवार म्हणाला असता. त्याला कळलं की गुरुवार-शुक्रवारच्या पलीकडे जाता येत नाही, म्हणून तो त्याच्या आतली वेळ शोधून आला. आणि का नाही तेही सांगितलं. मुलाचं चाकणचं तुला ठाऊक होतं?

मामा: नव्हतं.

भाची: सातला तू आहेस ना?

मामा: असतो. पण तू शुक्रवार सकाळचं लिहिलंस, ते काढून टाक आता, नाहीतर तो तिकडे नाष्टा मागवून ठेवेल.

भाचीने लिहिलं: “चालेल. गुरुवार ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.००, आमच्या ऑफिसात. शुक्रवार सकाळची वेळ रद्द धरतो. येताना नोव्हेंबरच्या मोठ्या ऑर्डरचं बिल आणि एफडीची पावती आणा.” पावतीचं मामांनी सुचवलं. रक्कम पटल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जायचं तर ती हाताशी हवी, आणि पावती समोर असली की माणूस ‘पैसे नाहीत’ असं म्हणत नाही, हे त्यांचे अनुभवाचे बोल.

तेवढ्यात आर्टिकलच्या मुलाने विचारलं, की सर, शुक्रवारी सकाळी बँकेतली सही पुढे ढकलायला मॅनेजरना फोन करू म्हणाला होतात, तो करायचा का अजून? नको, मामा म्हणाले, ती आहे तिथेच राहू दे. मात्र गुरुवारी संध्याकाळची ऑफिसची बैठक सातच्या आत संपवायची आहे, हे सगळ्यांना आत्ताच कळव. मुलगा टाइप करायला बसला. त्याने सुरुवात केली, “काही अपरि...” आणि भाचीकडे बघून खोडलं.